पाऊचपेक्षा डबा महाग? सोयाबीन तेलाच्या भावाबद्दल आमचं उत्तर

⭐ "पाऊच 140 ला लिटर आणि 15 चा डबा 2,220 ला, म्हणजे 148 चा भाव! मोठं घेणाऱ्यालाच लुटतात. सियागंजात 15 चा डबा 2,090 ला मिळतो. परत करायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'डब्यावर लिहिलंय ते वाचा.' रामबागेतल्यांनी सावध राहा."

नमस्कार ताई. मुलगा ज्या सुरात बोलला त्याबद्दल मनापासून माफी, त्याला समज दिली आहे. पण "लुटतात" हा शब्द सगळं इंदूर वाचतंय, म्हणून हिशोब इथेच मांडतो.

तुम्ही 2,220 ला 15 ने भागलंत, 148 आले, ते बरोबरच आहेत. फक्त ते किलोचे आहेत, कारण आमचा डबा 15 किलोचा आहे. पाऊचचे 140 मात्र लिटरचे. एक लिटर सोयाबीन तेल एक किलो भरत नाही, 910 ग्रॅम भरतं, आणि पाऊचवर लिटरच्या शेजारी तो आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. तेल तापलं की फुगतं, म्हणून लिटर उन्हाळ्यात वेगळा आणि थंडीत वेगळा. ग्रॅम बदलत नाहीत, त्यामुळे तेलाची तुलना ग्रॅमवरच करावी.

आता 100 ग्रॅमचा भाव काढा. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले 100. पाऊच: 140 भागिले 910, म्हणजे 15 रुपये 38 पैसे. डबा: 2,220 भागिले 15,000, म्हणजे 14 रुपये 80 पैसे. शंभर ग्रॅममागे 58 पैसे डबाच स्वस्त, आणि पूर्ण डब्यावर 87 रुपये तुमचे वाचले. लुटलं कोणी, ते तुम्हीच सांगा.

सियागंजातल्या ज्या डब्याचा दाखला तुम्ही दिलात त्याचा फोटो तुम्हीच टाकला आहे. तो मोठा करून बघा, त्यावर 15 लिटर लिहिलंय. म्हणजे आत 13 किलो 650 ग्रॅम तेल, आणि 100 ग्रॅमचा भाव 15 रुपये 31 पैसे. आमच्या डब्याला 130 रुपये जास्त मोजलेत खरे, पण तेल 1 किलो 350 ग्रॅम जास्त आलं. दोन्ही डबे उंचीला जवळपास सारखे दिसतात आणि दोघांनाही लोक "पंधराचा डबा" म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. त्या दुकानदाराचीही यात काही चूक नाही.

पाकिटावर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो का पाहू नये, असं खाली एकांनी विचारलं आहे. जरूर पाहा, पण 2021 च्या दुरुस्तीत आलेला तो नियम नीट समजून घ्या. किलोच्या आतल्या पाकिटावर भाव एका ग्रॅमचा असतो, किलोच्या वरच्यावर एका किलोचा, आणि दोन्ही एमआरपीवर काढलेले, आम्ही लावतो त्या भावावर नाही. शिवाय आकडा दोन दशांशांपर्यंतच असतो. आमच्याकडे 840 ग्रॅमचं एक पाऊच आहे, एमआरपी 145. त्यावर ग्रॅमला 0.17 छापलंय. पण 0.17 म्हणजे 0.165 ते 0.175 मधलं काहीही, म्हणजे 100 ग्रॅमला साडेसोळा ते साडेसतरा. अख्ख्या रुपयाचा फरक त्या गोलाईत लपतो, आणि आपण भांडतोय 58 पैशांवर! तेच पाऊच आम्ही 132 ला देतो, तरी 100 ग्रॅमला 15 रुपये 71 पैसे पडतात. किंमत सगळ्यात कमी, आणि भाव सगळ्यात जास्त. हल्ली अशी 800, 840, 870 ग्रॅमची पाऊच लिटरच्या पाऊचशेजारीच रचलेली असतात, हाताला फरक कळत नाही.

डबा सगळ्यांनाच परवडतो असं मात्र मी म्हणणार नाही. वाचलेले 87 रुपये म्हणजे जेमतेम 600 ग्रॅम तेल. घरात दोनच माणसं असतील, डबा सहा महिने उघडा राहिला आणि शेवटचं अर्धा-पाऊण किलो खवट झालं, तर बचत तिथेच गेली. हे घेतानाच सांगायला हवं होतं, असं वाटत असेल तर तुमचा राग समजतो. पण संध्याकाळी सातला काउंटरवर रांग असते आणि तुम्हीच "लवकर करा" म्हणत होतात.

परत घेण्याबद्दल: डब्याचं तोंड कापलेलं होतं. उघडलेलं तेल आम्ही दुसऱ्या गिऱ्हाईकाला देऊ शकत नाही, तुम्हालाही ते चाललं नसतं. सीलबंद डबा बिलासकट आणला तर बदलून देतो, आजही.

तेलाच्या रॅकवर 100 ग्रॅमच्या भावाच्या चिठ्ठ्या लावायचं मनात आहे. भाव रोज हलतो, त्यामुळे कसं जमतं ते बघतो. तोवर काउंटरवर कॅल्क्युलेटर ठेवला आहे, कोणीही मागावा.

— दुकानमालक, रामबाग, इंदूर