अन्नजाळ्याचे स्थैर्य: दुव्यांची संख्या पुरेशी नाही

अन्नजाळे म्हणजे कोण कोणाला खाते या दुव्यांनी जोडलेल्या प्रजाती. त्याबद्दल एक दावा असा: «अन्नजाळ्यात जितक्या जास्त प्रजाती आणि जितके जास्त दुवे, तितके ते स्थिर. एक दुवा तुटला तरी बाकीचे सांभाळून घेतात. क्षीण दुवे तर हिशेबात धरण्याचीही गरज नाही.»

यातील पहिल्या विधानाला परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्येच गणिताने आव्हान दिले. शक्य असलेल्या दुव्यांपैकी प्रत्यक्षात जेवढे आहेत, त्या प्रमाणाला कनेक्टन्स (C) म्हणतात. प्रजातींची संख्या S आणि आंतरक्रियांच्या तीव्रतेचा पसारा σ धरला, दुवे यदृच्छेने जोडले आणि प्रत्येक प्रजातीचा स्वतःच्याच वाढीवरचा लगाम १ मानला, तर मोठे जाळे स्थिर राहण्याची अट अशी येते:

σ√(SC) < 1

२५ प्रजाती आणि ०.१६ कनेक्टन्स असेल, तर वर्गमूळ २ येते आणि σ ०.५ पेक्षा कमी असावा लागतो. कनेक्टन्स तेवढाच ठेवून प्रजाती १०० केल्या, की वर्गमूळ ४ होते आणि मर्यादा ०.२५ वर उतरते. म्हणजे जाळे वाढवायचे तर दुवे सौम्य व्हावे लागतात. येथे स्थैर्य म्हणजे लहानशा धक्क्यानंतर संख्या पूर्वस्थितीकडे परतणे, एवढेच; एखादी प्रजाती नाहीशी झाल्यावर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे.

त्यामुळे दुसरे विधानही सरसकट टिकत नाही, कारण दुवा जसा आधार देतो तसा धक्काही पुढे पोहोचवतो. कोणता दुवा काय करील, हे त्याची तीव्रता आणि जाळ्यातील जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरे विधान मला सर्वांत चुकीचे वाटते. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टाटूश बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर, शैवाल चरणाऱ्या प्राण्यांचा कोवळ्या शैवालावर दरडोई किती परिणाम होतो, हे प्रयोगाने मोजले आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. मोजके दुवे तीव्र आणि बहुतेक क्षीण निघाले. वगळायचेच ठरवले, तर जाळ्याचा मोठा भागच वगळला जाईल.

क्षीण दुवा करतो काय, हे मकॅन, हेस्टिंग्ज आणि हक्सेल यांच्या १९९८ च्या प्रारूपांतून स्पष्ट होते. एक भक्षक एकाच भक्ष्यावर तुटून पडतो, झपाट्याने वाढतो, भक्ष्य संपवत आणतो आणि मग स्वतःच कोसळतो. भक्ष्य सावरले की हेच चक्र पुन्हा सुरू होते. आता त्याच भक्ष्यातून थोडेसेच घेणारा दुसरा भक्षक आला, तर भक्ष्याच्या वाढीतील काही वाटा तीव्र दुव्यातून न जाता दुसरीकडे वळतो. पहिल्या भक्षकाची उसळी त्यामुळे बुटकी राहते, भक्ष्य तळाला जात नाही आणि दोघांचीही संख्या धोक्याच्या पातळीपासून दूर राहते. हा दुसरा दुवा मात्र पहिल्याच्या तुलनेत क्षीणच हवा; तोही तीव्र झाला, तर तो आंदोलन घडवणाराच आणखी एक दुवा ठरू शकतो.

क्षीण दुवे वाढले की स्थैर्य हमखास वाढते, असेही मी म्हणणार नाही. अ‍ॅलेसिना आणि तांग यांनी २०१२ मध्ये दाखवले, की एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी, अशा भक्षक-भक्ष्य जोड्या यदृच्छ जोडणीपेक्षा जाळे अधिक स्थिर ठेवतात. पण अशाच जाळ्यात क्षीण दुव्यांचा फार भरणा झाला, तर स्थैर्याची शक्यता घटते.