फेअरवेल कार्डावरची ओळ नेटवरून उचलू नका

हॉस्टेलची बॅच बाहेर पडायची वेळ आली की ग्रुपवर मेसेज येतो, "कार्डासाठी मैत्रीवर काहीतरी छान पाठवा गं." मग अर्ध्या तासात तीस सुविचार गोळा होतात. मैत्री म्हणजे सावली, मैत्री म्हणजे सुगंध, मैत्री म्हणजे न तुटणारा धागा. वाईट एकही नसतो, पण त्यातला कुठलाही जगातल्या कुठल्याही बॅचला चालतो, आणि माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे. ज्या मुलींबरोबर तुम्ही चार वर्षं एकाच नळासमोर रांगेत उभ्या राहिलात, त्यांच्या कार्डावर तो नळ दिसायला हवा.

आमच्या कार्डाच्या ओळी जमवायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या रूममेटसाठी मी आधी लिहिलं, "तुझ्यासारखी मैत्रीण नशिबाने मिळते." वाचल्यावर वाटलं, हे तर तिच्या ऑफिसातही कुणीतरी लिहील. मग तिची सगळ्यात ठळक गोष्ट आठवली. तिचा अलार्म पहाटे पाचला वाजायचा आणि तिच्याशिवाय सगळा मजला जागा व्हायचा. म्हणून लिहिलं, "तू किती झोपाळू आहेस!" गोष्ट खरी होती, पण ती तक्रार झाली. कार्ड घरी जातं, कपाटात राहतं, दहा वर्षांनी पुन्हा उघडतं. तेव्हा तक्रार वाचून कुणाला बरं वाटणार? शेवटी ओळ अशी झाली:

"चार वर्षं अलार्म तुझा वाजला आणि उठलो आम्ही. आता आम्हाला कोण उठवणार?"

ती आधी हसली, मग गप्प झाली. वस्तू तीच, अलार्म. फरक एवढाच की झोपाळूच्या ओळीत तिची खोडी आहे आणि शेवटच्या ओळीत आमची गरज. हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही. हसू आधी, माया नंतर. उलटं केलं की डोळे भरून आलेल्या माणसाला आपण अचानक चिडवतो आणि ते लागतं.

याच रीतीने बाकीच्या ओळी निघाल्या. बादलीवरची: "ही बादली कुणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. जिच्याकडे गेली असेल तिने ती सांभाळावी, आणि आम्हालाही." न विचारता खोलीत शिरणारीसाठी: "यापुढे लोक तुझ्याकडे दार वाजवून येतील. तेव्हा आमची आठवण काढ." आणि कार्डाच्या मधोमध सगळ्यांची मिळून: "खोलीत प्लग दोन, चार्जर पाच, तरी फोन कुणाचाच बंद पडला नाही." मधली ओळ 'आपण'ची असावी, भोवतालच्या 'तू'च्या. मधली कुणा एकीबद्दल झाली की बाकीच्या कार्डात पाहुण्या होतात.

चिडवण्याच्या काही जागा मी सरळ वगळते: राहिलेले विषय, मोडलेलं प्रेम, वजन, रंग, घरचे पैसे. तिच्या तोंडावर चालणारी थट्टा कागदावर आई-बाबांच्या हातात पडते, आणि तिथे आपला आवाज सोबत नसतो.

जागेचा हिशोबही आधी करा. ए-फोर आकाराचा कागद मधे दुमडला की आत दोन पानं मिळतात. वीस जणी असतील तर मधली ओळ आणि समास सोडून प्रत्येकीला साधारण सहा बाय चार सेंटीमीटर जागा येते, म्हणजे नेहमीच्या अक्षरात बारा-पंधरा शब्द आणि खाली नाव. पेन्सिलीने फिकट चौकटी आखून ठेवा, नाहीतर पहिल्या चौघी अर्धं पान व्यापतात आणि शेवटचीला कोपऱ्यात फक्त सही करावी लागते. कागद गुळगुळीत चकचकीत असेल तर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, कार्ड मिटलं की समोरच्या पानावर उमटते. आधी मागच्या बाजूला एक रेघ ओढा, मिनिटभराने बोट फिरवून बघा.

सगळ्यात अवघड ओळ असते जिच्याशी आपलं फारसं जमलं नाही तिची. तिथे हात आपोआप "ऑल द बेस्ट"कडे जातो. आमच्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत एक मुलगी राहायची. चार वर्षांत आमचं बोलणं दहा वाक्यांपलीकडे गेलं नसेल. खोटी जवळीक मला लिहायची नव्हती. दोन दिवस तिची चौकट रिकामीच ठेवली, आणि मग जे खरंच घडलं होतं तेच लिहिलं:

"आपण फार बोललो नाही. पण परीक्षेच्या रात्री दोन वाजता तुझ्या खोलीचा दिवा दिसला की मला एकटं वाटायचं नाही."

कार्ड हातात पडल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मी पण तुझाच दिवा बघायचे गं."