सावली बुटावर पडली होती

शिखरावरच्या आपल्या फोटोतून पाण्याची बाटली पुसणाऱ्या एका ट्रेकरची कथा मी लिहिली होती. तिच्यावर आलेली प्रतिक्रिया: "कथा वाचली. आधी एक चूक. क्लोन स्टॅम्प आपोआप रंग जुळवून घेत नाही, फोटोवर काम करणारा कुणीही हे वाचून हसेल. दुसरं, सेन्सरवरची धूळ आपण सगळेच पुसतो, मग एक बाटली पुसली तर एवढा गहजब कशाला? आणि त्याला एकदम उपरती होते ती का, हे पटलं नाही. फोटो टाकतो की नाही तेही सांगितलेलं नाही. एकूण प्रवचन वाटलं."

चूक शंभर टक्के माझी. क्लोन स्टॅम्प एका जागचे पिक्सेल उचलतो आणि दुसऱ्या जागी जसेच्या तसे बसवतो. आजूबाजूचा रंग आणि उजेड पाहून ठिगळ मिसळून टाकतो तो हीलिंग ब्रश. मी स्वतः दोन्ही वापरतो, तरी लिहिताना नावांची अदलाबदल झाली. ही चूक किरकोळ म्हणून सोडता येत नाही, कारण तुम्हाला न पटलेली उपरती नेमकी या दोन हत्यारांच्या फरकावर उभी आहे. मीच नावं उलटी लिहिल्यावर ती पटणार कशी?

म्हणून तो प्रसंग इथे पुन्हा मांडतो, या वेळी नीट.

सकाळची वेळ आहे, सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर आलाय. शिखरावरच्या दगडांच्या रचलेल्या ढिगात कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली उभी खोचून ठेवली आहे. ढिगापासून हातभर अंतरावर आपला ट्रेकर उभा आहे. त्याने लॅपटॉपवर फोटो २०० टक्के मोठा केला आणि हीलिंग ब्रशने आधी बारीकसारीक कचरा काढला, मग बाटली. मागे नुसते करडे, खडबडीत दगड. असल्या पृष्ठभागावर हा ब्रश फार छान चालतो. दोन मिनिटांत बाटली नाहीशी.

पण सूर्य दहा अंशांवर असला की सपाट जागी सावली वस्तूच्या साधारण साडेपाच पट लांब पडते. वीस सेंटिमीटरची बाटली धरली तर मीटरभराहून थोडी जास्त. म्हणजे बाटली गेली तरी तिची सावली दगडांवरून सरळ येऊन त्याच्या डाव्या बुटावर चढलेली आहे. त्यातही बाटली पारदर्शक, म्हणून सावलीच्या मधोमध उजेडाची एक वाकडी, लखलखीत रेघ. अशी रेघ दगडाच्या सावलीत पडत नाही. ज्याला बघता येतं त्याला बाटली न दिसताही कळेल की इथे प्लास्टिक होतं.

दगडांवरची सावली त्याने पुसली. बुटावर मात्र हीलिंग ब्रश फसला. जिथे दोन वेगळे रंग कडेला कड लावून असतात तिथे हा ब्रश एकाचा रंग दुसऱ्यात ओढतो. लाल नाडीत दगडाचा करडा रंग उतरला, नाडी धुरकट झाली. आता क्लोन स्टॅम्प घेऊन, नाडीचा एकेक वळसा दुसऱ्या बुटावरून उचलून, हाताने बसवत जाणं एवढाच मार्ग. तो पाऊण तास तेच करत बसतो. दगड रंगवताना त्याला काही वाटलं नव्हतं. स्वतःचा बूट रंगवायला लागल्यावर हात थांबतो. उपरती हा शब्द तुमचा आहे. माझ्या डोक्यात तेव्हा होता तो कंटाळा, आणि कंटाळ्यातून येणारं ते "आपण हे करतोय काय?"

धुळीबद्दल मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. सेन्सरवरची धूळ शिखरावर नसते, कॅमेऱ्यात असते. ओळखायची पद्धत तुम्हालाही ठाऊक असेल: f/16 ला वगैरे आभाळाचे चार फोटो काढायचे, कॅमेरा कुठेही फिरवला तरी डाग प्रत्येक फोटोत त्याच ठिकाणी. बाटलीचं तसं नाही. दोन पावलं सरकलात की फोटोत ती सरकते, कारण ती तिथे आहे. डाग पुसला की फोटो त्या जागेच्या जवळ जातो, बाटली पुसली की लांब.

बातमीच्या फोटोत हा फरक किती कडक पाळतात याचं एक उदाहरण आहे. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने आपल्या एका पुलित्झरविजेत्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्याने पुसला होता. कॅमेऱ्याचा बातमीशी काही संबंध नव्हता, आणि संस्थेने त्याचे सुमारे ५०० फोटो तपासले तेव्हा दुसरा एकही बदललेला सापडला नाही. तरीही.

आपला ट्रेकर बातमीदार नाही, त्याला तो नियम लागू नाही, हे मलाही मान्य. भिंतीवर लावायला त्याने काहीही पुसावं. पण फोटोखाली त्याने ओळ लिहून ठेवलीय, "इथे अजून कुणी पोचलेलं नाही". माझा आक्षेप असला तर त्या ओळीला आहे. पुसलेला फोटो तिचा पुरावा म्हणून उभा राहतो.

प्रवचनाच्या आरोपावर थोडं आतलं सांगतो. पहिल्या खर्ड्यात तो पुढच्या आठवड्यात पोतं घेऊन पुन्हा वर जातो आणि सगळा कचरा खाली आणतो. ते तुम्ही वाचलं असतंत तर प्रवचनच म्हणाला असतात, आणि बरोबर म्हणाला असतात. ते काढलं. त्याजागी तो फक्त Ctrl+Z दाबत मागे जातो. नाडी परत येते, सावली येते, बाटली येते, दगडांच्या फटीत वाऱ्याने कोंबलेली पिशवी येते. (वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूलाच हे सगळं साठतं, कधी वर गेलात तर बघा. उन्हाने ही पिशवी इतकी ठिसूळ झालेली असते की ओढायला गेलं तर हातात चुरा येतो.) सगळ्यात शेवटी येतो तो त्याने सगळ्यात आधी पुसलेला, नखाएवढा चंदेरी त्रिकोण: इलेक्ट्रोलाइटच्या पुडीचा फाडलेला कोपरा.

पुडी आपण खिशात ठेवतो. कोपरा दातांनी फाडलेला असतो, हातात मोजे असतात, वारा असतो. तो कुठे गेला हे कुणाच्या लक्षात राहतं? ट्रेकर उठून जॅकेटचा खिसा तपासतो. पुडी सापडते, कोपरा नाही. पण तीच पुडी निम्मे ट्रेकर वापरतात, त्यामुळे तो कोपरा त्याचाच असं मी लिहिलेलं नाही, आणि मला तसं माहीतही नाही.

फोटो टाकला की नाही, हे मी ठरवलं होतं आणि मग गाळलं. गाळताना थोडी लबाडी झाली, कारण अनुत्तरित शेवट लेखकाला सोपा पडतो. तर सांगतो: त्याने फोटो टाकला, बाटलीसकट. खालची ओळ काढून टाकली आणि दुसरी सुचली नाही. पाच-सहा जणांनी विचारलं, "बाटली काढून का नाही टाकलीस?" एकानेही "उचलून का नाही आणलीस?" असं विचारलं नाही.

हत्यारांची नावं आज कथेत दुरुस्त केली आहेत. चुकीचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून तिथेच ठेवलं आहे, म्हणजे नंतर येणाऱ्याला तुमची प्रतिक्रिया कशाबद्दल होती ते कळेल.