देवदासी, तंजावरचा शिलालेख आणि मावशीला आलेला फॉरवर्ड

"देवदासी म्हणजे देवाशी लग्न झालेल्या, राजांनी राणीसारख्या सांभाळलेल्या कलावंत. सगळ्या आपल्या मर्जीने आलेल्या. इंग्रजांनी त्यांना वेश्या ठरवलं आणि कायदा करून एक महान परंपरा बंद पाडली."

हे काल मावशीने पाठवलं, सोबत "बघ, तुझी भाची भरतनाट्यम शिकते ना, तिला वाचून दाखव". ती पोर अकरा वर्षांची आहे, तिला मी हे वाचून दाखवणार नाही. म्हणून मावशीलाच उत्तर लिहितोय, आणि लांबलंय.

आधी राजाश्रयाचं, कारण तेवढं बरंचसं खरंय. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर राजराज चोळाचा साधारण १०१४ चा लेख आहे. चोळ मुलखातल्या वेगवेगळ्या देवळांतून ४०० बायका आणून देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत वसवल्या, प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला १०० कलम भात, कलम म्हणजे तिकडचं धान्याचं माप. कुठली रांग, कितवं घर, बाईचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, सगळं कोरलंय. पण त्याच लेखात पुढे हिशेबनीस, शिंपी, परीट, न्हावी, सुतार, सोनार यांचेही वाटे लिहिलेत. म्हणजे हा देवळाचा पगारी स्टाफ होता, मानाचा आणि घरदार असलेला, पण स्टाफच. आणि एखादी बाई वारली तर तो वाटा जवळच्या नातेवाइकाला, पण तो लायक असेल तरच, नाहीतर दुसरा कुणी लायक माणूस नेमायचा. राणीच्या बाबतीत असा नियम कुणी करत नाही.

इंग्रजांमुळे आश्रय तुटला हेही अर्धं मान्य. तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य होतं, सरफोजी राजांच्या दरबारात नाचगाण्याला केवढा आधार होता. १८५५ ला शेवटचे शिवाजीराजे वारले, कंपनीने राज्य खालसा केलं, आणि कितीतरी कलावंत कुटुंबं मद्रासची वाट धरून गेली.

आता "आपल्या मर्जीने". हे वाचून डोकं फिरलं माझं. देवळाची सेवा बहुतेक इनाम जमिनीला बांधलेली असायची. सेवा चालू तर जमिनीचं उत्पन्न चालू. मग घरातली बाई म्हातारी झाली की सेवा कुणी करायची? मुलीने, नाहीतर भाचीने, नाहीतर दत्तक घेतलेल्या पोरीने. एकीला तरी देवाला सोडायलाच लागायचं, नाहीतर जमीन हातची जायची. आता त्यात सहा-आठ वर्षांच्या पोरीची मर्जी कुठे आली? तिला विचारलं तरी कुणी?

आणि गाठ नेमकी इथेच आहे हे ज्या बाईला कळलं ती इंग्रज नव्हती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी, पुदुकोट्टईच्या, त्यांची आई चंद्रम्माळ देवदासी घराण्यातलीच. १९२७ ला त्या मद्रासच्या विधान परिषदेत गेल्या आणि १९२९ ला त्यांनी देवस्थानांच्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली, की इनाम जमीन सेवेच्या अटीतून मोकळी करायची, म्हणजे सेवा सोडली तरी जमीन बाईकडेच. हा मला त्यांच्या कामातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो, कारण नुसती बंदी घातली असती तर त्या बायकांच्या पोटावर पाय आला असता. देवाला सोडण्यावरच बंदी घालणारं बिल त्यांनी १९३० ला आणलं, ते मात्र लटकलं आणि कायदा झाला थेट १९४७ ला, स्वातंत्र्य मिळाल्यावर. इंग्रजांना एवढी घाई असती तर १७ वर्षं लागली असती का?

त्याही आधी म्हैसूर संस्थानाने १९०९ ला सरकारी देवळांतली ही सेवा बंद केली होती, तिथे राजे वोडेयार होते. मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा झाला तो इंग्रजी अमलातला, ते कबूल.

विरोध देवदासींमधूनही झाला, हे फॉरवर्डमध्ये नाही पण मी सांगतो. बंगळूर नागरत्नम्मा, तिरुवैयारूला कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी बांधणाऱ्या, रेड्डींच्या बिलाच्या विरोधात होत्या. सगळ्यांना एकाच मापाने वेश्या म्हणू नका, हा त्यांचा राग रास्त होता. तेवढं फॉरवर्डवाल्याचंही बरोबर.

पण मावशी, तू हे सगळं तंजावरचं म्हणून वाचतेस. आपल्याकडे काय होतं? सौंदत्तीला यल्लम्मापुढे पोरीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधायचे, जेजुरीला मुरळी सोडायच्या, आणि त्यातल्या बहुतेक दलित घरांतल्या, ज्यांना ना १०० कलम भात मिळाला ना गल्लीत घर. १९३४ चा कायदा असून कर्नाटकाला १९८२ मध्ये परत कायदा करावा लागला आणि आपल्या महाराष्ट्राला २००५ मध्ये. तेव्हा तर इंग्रज जाऊन ५८ वर्षं झाली होती.