खुराक वाढवायचा की पैलवान बदलायचा?

आमच्या ऑफिसात दोन पक्ष आहेत. मालकांचा पक्ष म्हणतो, "फोटो वाढवा." माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराचा पक्ष म्हणतो, "मॉडेल मोठं घ्या." मी कुठल्याच पक्षात नाही, कारण फोटो वाढवायचे ठरलं की पहाटे मार्केट यार्डात मला पाठवतात आणि मॉडेल मोठं घ्यायचं ठरलं की त्याचं भाडं मालकांपुढे मलाच मंजूर करून घ्यावं लागतं.

काम सांगायला सोपं आहे. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरनं सांगायचं, हा माल नंबर एक, दोन की तीन. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण यार्डातल्या माणसाला त्याचं काही नाही. तो रव्यावर नजर टाकतो, नखानं जरा खरवडतो आणि नंबर सांगून पुढच्या थप्पीकडे जातो. आम्ही त्या नजरेची नक्कल करायला निघालो होतो. फोटो आणि त्यांचे नंबर बघून ही नक्कल शिकणारा प्रोग्रॅम म्हणजेच ते मॉडेल.

नक्कल सोपी, फोटो अवघड. दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त झाला की यार्डात माल यायला लागतो, आणि थंडीत भल्या सकाळी मोबाइल घेऊन मी थप्प्यांच्या मधल्या बोळात उभा. मोबाइलला गूळ, बोटांना गूळ, गुळाला माश्या. हमाल म्हणतात, "सायेब, सरका, न्हाईतर तुमचाबी नंबर लावतील." अशा अवस्थेत कुणी "अजून दुप्पट फोटो लागतील" म्हणालं, तर माणूस आधी विचारतो: कशावरून?

ते कशावरून, हे लर्निंग कर्व्हवर दिसतं. म्हणजे काय, तर मॉडेलला आधी थोडा माल शिकवायचा, मग दुप्पट, मग चौपट, आणि दर वेळी दोन चुका मोजायच्या. एक, जो माल शिकवला त्याच्यावरच किती चुकतं. ही ट्रेनिंग एरर. दुसरी, कधीच न दाखवलेल्या, बाजूला काढून ठेवलेल्या मालावर किती चुकतं. ही व्हॅलिडेशन एरर. बाजूला काढलेला माल शेवटपर्यंत तोच ठेवायचा. एवढंच. पण याच दोन रेषांवर आमच्याकडे आठवडाभर चहा खपला.

पहिलं मॉडेल साधं होतं. फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची सरासरी काढायची आणि त्या तीन आकड्यांवरून नंबर ठरवायचा. दोनशे फोटोंवर शिकवलं तेव्हा शिकवलेल्या मालावर शंभरात २१ चुका, नव्या मालावर ३८. चारशेला २६ आणि ३४. आठशेला २९ आणि ३२. सोळाशेला ३० आणि ३१.

मालकांनी आलेखाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे जास्त शिकवल्यावर ढ व्हाय लागलंय की! २१ वरनं ३० वर गेलं!"

ही ओरड मी पुष्कळ ठिकाणी ऐकली आहे, आणि ती रास्तच वाटते. पण ट्रेनिंग एरर चढते ती मॉडेल बिघडलं म्हणून नव्हे. माल थोडा असताना त्याच्या खाणाखुणा सांभाळून घेता येतात. माल वाढला, की तोच पिवळा रंग कुठे नंबर एक निघतो, कुठे दोन, आणि तीन आकड्यांत ही गाठ सुटत नाही. काळजी रेष चढल्याची करायची नसते, ती कुठे जाऊन बसली त्याची करायची. इथे दोन्ही रेषा एकमेकींना भेटून तिसाच्या आसपास बसल्या होत्या. ज्या मालाचं उत्तर आधीच सांगितलंय त्याच्यावरसुद्धा शंभरात तीस चुका. अशा मॉडेलला अजून दोन हजार फोटो दाखवले तरी ते फार तर तीसच चुका जास्त खात्रीनं करेल. पुस्तकं याला हाय बायस म्हणतात.

हे मी मालकांना सांगायचा प्रयत्न केला. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे गडी अंगानंच किरकोळ हाय. दूध-बदाम कितीबी वाढवा, हिंदकेसरीला चालत न्हाई. पैलवान बदलाय पायजे." मी म्हटलं, मालक, अगदी बरोबर. शेजारच्या पोरानं टेबलाखाली मूठ आवळली. त्याचा पक्ष जिंकला होता आणि माझी पहाटेची फेरी टळली होती. कुणाला काय, कुणाला काय.

मोठं मॉडेल आलं. हे सरासरी रंगावर थांबत नाही, पूर्ण फोटो बघतं: कडा, दाणा, चकाकी, डाग. दुसऱ्या दिवशी पोरगं पेढे घेऊनच आलं. शिकवलेल्या मालावर चुका २, नव्या मालावर ६. मालक म्हणाले, "नाद खुळा!"

मला पेढा गिळेना. काल तिसावर अडलेलं काम आज सहावर? इतकं चांगलं काही घडलं की आधी हिशेब तपासावा, असा माझा स्वभाव आहे, आणि त्यामुळे घरीही मला कुणी चांगली बातमी पटकन सांगत नाही.

गोम गुऱ्हाळात होती. काहिलीत रस चढवला, उकळला, मळी काढली आणि तयार गूळ उतरवला, की ते एक आदण. त्या आदणाचे सगळे रवे सख्खे भाऊ: तोच ऊस, तोच गुळव्या, तोच हात. मी एकेका आदणाचे वीस-वीस फोटो काढले होते. पोरानं सगळे फोटो पिसून त्यातले काही बाजूला काढले. म्हणजे एका आदणाचे पंधरा भाऊ शिकवणीत आणि पाच परीक्षेत. मॉडेल गुळाची प्रत ओळखत नव्हतं, घराणं ओळखत होतं.

मग वाटणी आदणानुसार केली. शंभर आदणांपैकी वीस पूर्णच्या पूर्ण बाजूला, शिकवायला ऐंशी. नव्या मालावरच्या चुका सहावरून थेट १९ झाल्या. पेढे तोवर संपले होते.

आता आलेख पुन्हा काढला, आणि या वेळी आडव्या रेषेवर फोटो न मांडता आदणं मांडली. सगळा निर्णय तिथंच फिरतो. दहा आदणं शिकवली तेव्हा नव्या मालावर चुका ३६. वीसला २९. चाळीसला साडेतेवीस. ऐंशीला १९. शिकवलेल्या मालावर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एक ते तीन. खालची रेष जमिनीला चिकटलेली, वरची लांब, मध्ये भलं मोठं अंतर, आणि वरची अजून उतरतेय. हे चित्र पहिल्याच्या बरोबर उलटं. या मॉडेलला ताकद कमी नाही, त्यानं घरं कमी पाहिलीत. इथे अजून मोठं मॉडेल आणून काय होणार? शिकवलेलं पाठ करायचं काम हे आधीच करतंय.

"म्हंजे आता फोटो वाढवायचे," मालक खुलले. त्यांचा पक्ष परत सत्तेवर. "एकेका रव्याचे शंभर-शंभर काढ. वरनं, खालनं, आडवं, उभं."

त्यानं खरंच काही फरक पडतो का, हे बघायला आधी एक स्वस्त प्रयोग केला, ज्याला यार्डात जावं लागत नाही. ऐंशीच्या ऐंशी आदणं ठेवली, पण प्रत्येकाचे वीसऐवजी पाचच फोटो दिले. चुका १९ च्या २० झाल्या. फोटो चौथाईवर आले आणि फरक एका गुणाचा. तेवढा तर परीक्षेला बसलेली वीस आदणं बदलली तरी पडतो. म्हणजे जुन्याच आदणाचे जादा फोटो काढणं हा फक्त मोबाइलला गूळ फासायचा उद्योग. हवी होती ती नवी आदणं, तीही निरनिराळ्या गुऱ्हाळांतली. एकेकाचे पाच फोटो पुरे.

मग मालकांनी मालकांचा प्रश्न विचारला: "किती आदणांवर किती चुका? लेखी दे."

दर दुपटीला चुका साधारण पाचव्या हिश्शानं उतरत होत्या. ३६ च्या २९, २९ च्या साडेतेवीस, तिथून १९. हीच चाल राहिली तर एकशे साठ आदणांना साडेपंधराच्या आसपास, तीनशे वीसला साडेबारा. म्हणजे पहिले साडेतीन गुण ऐंशी आदणांत मिळतील आणि पुढच्या तीन गुणांसाठी एकशे साठ मोजावी लागतील. आणि हे चाल तशीच राहिली तर. चार ठिपक्यांवरून ओढलेली रेष आहे ही, ठिपके संपले की तिच्यावर फार भार टाकू नये.

शिवाय खाली कुठेतरी तळ असतो, तो आधी शोधलेला बरा. आमचे सगळे नंबर एका आबांनी दिलेले. चाळीस वर्षं गूळ बघणारा माणूस. मी त्यांनीच नंबर दिलेले शंभर फोटो आठवड्यानं त्यांच्यापुढे परत ठेवले, काही न सांगता. आठ ठिकाणी त्यांनी वेगळा नंबर दिला. दोन्हीपैकी नेमका कुठला निकाल चुकला ते कळायला मार्ग नाही, म्हणून निम्मा दोष पहिल्या खेपेला दिला, तरी आमच्या उत्तरांतच शंभरात चारेक चुका बसलेल्या आहेत. जगातला सगळा गूळ गोळा केला तरी मॉडेल आमच्या परीक्षेत त्याच्या फारसं खाली जाणार नाही, आणि खाली गेलंच तर मी पुन्हा घराणी तपासीन.

मालकांना पंधरा-सोळा चुका चालणार होत्या. तेव्हा ठरलं: एकच दुप्पट, नवी गुऱ्हाळं, आदणाला पाच फोटो, आणि मॉडेल आहे तेच. शेजारच्या पोरानं एकदा क्षीणपणे "त्यापेक्षा मोठं..." म्हणून पाहिलं. मी त्याला ऐंशी आदणांची यादी दिली आणि पहाटे साडेपाचला यार्डाच्या गेटवर ये म्हणालो.

जाताना आबांना त्या आठ फोटोंबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, "ह्यातले दोन माझेच चुकले. बाकीच्या सहांचं काय इचारता? पयल्या खेपेला रवा समोर हुता, खडा जिभंवर टाकून बघितला. फोटोत मला चव कळतीया व्हय?"

ते सहा फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. नव्या वहीत मात्र एक रकाना वाढवला आहे: "आबांनी चाखला का?" त्याचं उत्तर ना फोटो वाढवून मिळतंय, ना मॉडेल बदलून, त्यासाठी आबांनाच पहाटे साडेपाचला उठवावं लागतं.