मांडीचं हाड 'दोन आठवडे मागे' म्हणजे नक्की काय?

गरोदर बायकांच्या ग्रुपमध्ये फिरणारा मेसेज असा आहे: "सोनोग्राफीच्या प्रिंटवर प्रत्येक मापासमोर आठवडे लिहिलेले असतात. ज्या मापाचे आठवडे कमी, तो अवयव नीट वाढलेला नाही. प्रत्येक सोनोग्राफीत डिलिव्हरीची तारीख बदलते, त्यातली शेवटची तारीख खरी धरा, कारण तोवर बाळ मोठं झालेलं असतं. EFW म्हणजे बाळाचं त्या दिवशीचं वजन."

मी रोज सोनोग्राफी करते. हा मेसेज वाचून घाबरलेल्या बायका दर आठवड्याला समोर येतात, आणि त्यातल्या तारखेच्या सल्ल्याने बाळाचं खरंच नुकसान होऊ शकतं. म्हणून एक प्रिंट घेऊन सविस्तर लिहिते. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशी प्रिंट रोज निघते.

```
LMP 29/10   GA(LMP) 32w0d   EDD(LMP) 05/08
BPD    79.0 mm    31w5d
HC    292.0 mm    32w1d
AC    275.0 mm    31w4d
FL     58.0 mm    30w2d
AUA   31w3d       EDD(AUA) 09/08
EFW   1732 g
```

LMP म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, GA म्हणजे त्यावरून मोजलेले आठवडे, EDD म्हणजे डिलिव्हरीची अंदाजे तारीख. BPD ही डोक्याची रुंदी, HC डोक्याचा घेर, AC पोटाचा घेर, FL मांडीच्या हाडाची लांबी.

मशीन मोजतं ते फक्त मिलिमीटर. पुढचे आठवडे ते मोजत नाही, तक्त्यातून काढतं. बहुतेक मशीनमध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमधले फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तिथल्या गर्भवतींच्या मोजमापांवरून बनवलेले तक्ते असतात. `FL 58.0 mm 30w2d` याचा अर्थ एवढाच, की ५८ मिलिमीटर हे त्या तक्त्यात ३० आठवडे २ दिवसांच्या बाळांचं सरासरी माप आहे. सरासरी म्हटली की काही बाळं तिच्या वर असणार आणि काही खाली. एकाच इयत्तेतली सगळी मुलं एका उंचीची नसतात, तसंच हे. त्याच तक्त्यांनुसार ३० ते ३६ आठवड्यांच्या काळात मांडीच्या हाडावरून काढलेलं वय दोन्ही बाजूंना जवळजवळ ३ आठवडे इकडेतिकडे असू शकतं. आपल्या प्रिंटमधला फरक पावणेदोन आठवड्यांचा आहे, तो या पट्ट्यात आरामात बसतो. आईबाबा दोघंही बुटके असतील तर मी रिपोर्टमध्ये त्यावर वेगळी ओळही लिहिणार नाही.

शिवाय माप कसं घेतलं यावरही बरंच ठरतं. प्रिंटवरच्या फोटोत हाडाच्या दोन टोकांना अधिकच्या चिन्हासारख्या दोन छोट्या खुणा दिसतात. त्या खुणांमधलं अंतर म्हणजे FL. हाड स्क्रीनवर शक्यतो आडवं, दोन्ही टोकं स्पष्ट दिसतील असं धरावं लागतं. ते तिरकं कापलं गेलं तर काही मिलिमीटर सहज कमी भरतात. शेवटच्या तीन महिन्यांत हे हाड आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ३ मिलिमीटरची चूक झाली की प्रिंटवर दीड आठवडा 'मागे' उमटतो. बाळ वळवळत असेल, पाय दुमडलेले असतील तर हे होतंच. म्हणून आम्ही तीनदा मोजून त्यातलं चांगलं चित्र ठेवतो.

BPD चंही तेच. बाळ पायाळू असेल किंवा पाणी कमी असेल तर डोकं थोडं लांबुळकं होतं, रुंदी कमी भरते आणि BPD एक-दोन आठवडे मागे दिसतो. अशा वेळी खालच्या ओळीतला HC पाहायचा. तो वेळेत असेल तर डोकं लहान नाही, फक्त आकार वेगळा आहे.

मग मागे पडलेलं माप कधीच महत्त्वाचं नसतं का? असतं. पण ते आठवड्यांच्या रकान्यावरून ठरत नाही, पर्सेंटाइलवरून ठरतं. त्याच वयाच्या १०० बाळांमध्ये आपलं बाळ खालून कितवं, हे पर्सेंटाइल सांगतो. मांडीचं हाड ५ पर्सेंटाइलच्या खाली असेल, विशेषतः पाचव्या महिन्यातल्या अनॉमली स्कॅनला, तर आम्ही हातापायांची बाकीची लांब हाडंही मोजतो. पोटाच्या घेराकडे तर मी सर्वांत बारकाईने पाहते. नाळेतून कमी पोषण येऊ लागलं की बाळ मेंदूकडचा रक्तपुरवठा राखतं आणि यकृतातला साठा खर्च करतं. त्यामुळे डोकं वेळेत राहतं आणि पोटाचा घेर आधी मागे पडतो. एकदाच घेतलेल्या मापावरून मात्र हे नीट कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर घेर आठवड्याला साधारण १० मिलिमीटर वाढलेला असेल तर काळजी उरत नाही. ३ आठवड्यांत जेमतेम १० मिलिमीटरच वाढला असेल, तर ते रिपोर्टमध्ये ठळक लिहायला हवं आणि डॉप्लर करून नाळेतला रक्तप्रवाह बघायला हवा.

आता डिलिव्हरीच्या तारखेबद्दल, कारण या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला तोच आहे.

प्रिंटवर दोन तारखा आहेत, ५ ऑगस्ट आणि ९ ऑगस्ट. पहिली पाळीवरून. दुसरी AUA वरून, म्हणजे चारही मापांच्या आठवड्यांची सरासरी काढून. मशीन ही सरासरी प्रत्येक स्कॅनला आपोआप काढतं, म्हणून प्रत्येक प्रिंटवर तारीख थोडी वेगळी दिसते. यातलं 'तोवर बाळ मोठं झालेलं असतं' हे कारण अगदी उलटं आहे. बाळ जितकं लहान, तितकं त्याचं वय अचूक कळतं, कारण पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात. तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, प्रिंटवर तिला CRL म्हणतात, आणि तिच्यावरून वय ५ ते ७ दिवसांच्या फरकाने कळतं. पुढे प्रत्येक बाळाची वाढ आईबाबांवर, नाळेवर, आईच्या साखरेवर अवलंबून बदलते. सातव्या महिन्यानंतर हा फरक ३ आठवड्यांपर्यंत जातो.

या बाईंचा पहिला स्कॅन २१ जानेवारीला झाला असं धरू. पाळीवरून त्या दिवशी बरोबर १२ आठवडे होतात. CRL ५६ मिलिमीटर आला, म्हणजे १२ आठवडे १ दिवस. फरक एका दिवसाचा. ९ ते १४ आठवड्यांच्या काळात तो ७ दिवसांपेक्षा जास्त असता तर CRL ची तारीख घेतली असती. तसं नाही, म्हणून ५ ऑगस्ट पक्की झाली. ती फाईलच्या पहिल्या पानावर लिहायची आणि नंतरच्या कोणत्याही प्रिंटमुळे बदलायची नाही. आयव्हीएफने गर्भ राहिला असेल तर तारीख भ्रूण गर्भाशयात सोडल्याच्या दिवसावरून ठरते आणि तीही बदलत नाही.

तारीख बदलली तर काय बिघडतं? हीच मापं दुसऱ्या एका आईची आहेत असं समजा. पहिल्या स्कॅनवरून तिला ३५ आठवडे पूर्ण झालेत, पण बाळ ३१ आठवडे ३ दिवसांच्या मापाचं आहे. ३५ आठवड्यांना १७३२ ग्रॅम म्हणजे ३ पर्सेंटाइलच्याही खाली. या बाळाचा त्याच दिवशी डॉप्लर व्हायला हवा, डिलिव्हरी कधी करायची याचा विचार व्हायला हवा. कोणी शेवटच्या प्रिंटची तारीख खरी धरली, तर हेच बाळ ३१ आठवड्यांचं ठरतं आणि त्याचं वजन तिशीच्या पुढच्या पर्सेंटाइलला, म्हणजे अगदी नॉर्मल दिसतं. आजारी बाळ कागदावर ठणठणीत होतं, आणि घरचे डिलिव्हरीला अजून साडेआठ आठवडे आहेत असं समजून निवांत राहतात. वाढ खुंटलेली बाळं अशीच नजरेतून सुटतात. म्हणून हा मेसेज दिसला की मला राग येतो.

राहिलं वजन. EFW मध्ये पहिलं अक्षर अंदाजाचं आहे. बाळाला कोणी तराजूत ठेवलेलं नसतं, वरची चार मापं हॅडलॉक यांच्या १९८५ च्या सूत्रात घालून मशीन तो आकडा काढतं. या सूत्रात पोटाच्या घेराला फार महत्त्व असतं. आपल्या प्रिंटमध्ये AC २७५ ऐवजी २८५ घातला आणि बाकी काही बदललं नाही, तर वजन १७३२ वरून १८३४ ग्रॅम होतं. १० मिलिमीटरला १०० ग्रॅम. प्रोबने पोट जरा जास्त दाबलं, किंवा काप तिरका आला आणि जठर व नाभीची शीर एकाच चित्रात नीट दिसली नाही, तरी एवढा फरक पडतो. एकूण चूक १५ टक्क्यांपर्यंत धरतात, म्हणजे हे बाळ १४७० ते १९९० ग्रॅममध्ये कुठेही असू शकतं. ३२ आठवड्यांना १७३२ ग्रॅम साधारण २० पर्सेंटाइलला येतं, ते ठीक आहे. एका सेंटरवर १७३० आणि चार दिवसांनी दुसऱ्या सेंटरवर १६८० आलं, तर बाळाचं वजन ५० ग्रॅमने घटलं असा अर्थ काढू नका. दोन स्कॅनमध्ये निदान दोन आठवडे गेल्याशिवाय वजनांची तुलना करता येत नाही.

आणि प्रिंटचा फोटो ग्रुपवर टाकून अर्थ विचारणाऱ्यांसाठी: फोटोत बहुतेकदा मापांचाच भाग येतो आणि वरची LMP ची ओळ कापली जाते. ती ओळ नसेल तर मापं मागे आहेत की पुढे, हे सांगताच येत नाही. ती तारीख हाताने टाइप केलेली असते, त्यामुळे चुकते. 29/10 च्या जागी 19/10 पडलं तर बाळ एका फटक्यात १० दिवस मागे दिसू लागतं आणि पर्सेंटाइलही खोटा येतो. म्हणून आधी प्रिंटवरची LMP आपल्या फाईलमधल्या तारखेशी ताडून बघा. पहिल्या स्कॅनवरून तारीख बदलून घेतली असेल, तर मशीनमध्ये ती बदललेली तारीख घातली आहे का, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ग्रोथ स्कॅनला जाताना पहिल्या स्कॅनचा CRL लिहिलेला कागद बरोबर न्या. बाळाची हालचाल कमी वाटली, तर प्रिंटवरचे सगळे आकडे छान असले तरी पुढच्या स्कॅनची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.