सहा मीटरवरचा बगळा

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की फुटाळ्याच्या काठावर जोडप्यांची आणि कॅमेऱ्यांची रांग लागते. मावळता सूर्य, तलावाचं पाणी, पलीकडच्या काठावरची झाडं, पुढ्यात नवरा-नवरी. सगळं जागच्या जागी असतं, फक्त आकाश मोकळं असतं. मग अल्बम पाहायला आलेल्या मंडळींतून एक मामा पुढे सरकतात. मामा नेहमीच असतात. "भाऊ, आकाश रिकामं रिकामं दिसून राहिलं न. दोन-चार पक्षी टाकून द्या." 'टाकून द्या' असं की जणू फोडणीत मोहरीच टाकायची आहे.

मामांचा समज असा की पक्षी टाकणं म्हणजे तयार चित्र चिकटवणं, आणि दुर्दैवानं गावातल्या निम्म्या अल्बमांत तेच झालेलं असतं. नवरीच्या डोक्यावर एक प्रचंड पक्षी पंख पसरून उभा, शेजारी तोच पक्षी थोडा लहान करून, आणि कोपऱ्यात तोच पुन्हा, उलटा फिरवून. शिवाय हे बहुतेक समुद्रावरचे कुरव असतात, कारण इंटरनेटवरचे फुकट ब्रश किनाऱ्यावरच्या लोकांनी बनवलेले. नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर. एवढं उडून आलेल्या पक्ष्याच्या तोंडावर थकवा तरी दिसायला हवा.

आधी आकाराचं बघू, कारण पाप तिथंच घडतं. समजा, फोटो फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सनं काढलाय आणि तो ६००० पिक्सेल रुंद आहे. सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण १६७ पिक्सेल, आणि २४ मिलिमीटरला ४०००. हा ४००० आकडा लिहून ठेवायचा. पक्ष्याच्या पंखांचा पसारा मीटरमध्ये घ्या, अंतरानं भागा, ४०००नं गुणा, की फोटोत तो किती पिक्सेल दिसेल ते मिळतं. गायबगळ्याचा पसारा सुमारे ९० सेंटिमीटर. शंभर मीटरवर तो ३६ पिक्सेल भरतो, तीनशे मीटरवर फक्त १२. आता हौशी एडिटरनं टाकलेला ६०० पिक्सेलचा बगळा उलट्या गणितानं बघा. तो कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर निघतो. नवरदेव पाच मीटरवर उभा आहे. म्हणजे बगळा जवळजवळ त्याच्या फेट्यावरूनच गेला आणि फेटा धरायला कोणी हातसुद्धा वर केला नाही.

पण अंतर तर आपणच ठरवतोय, मग शंभर मीटर की तीनशे, हे कशावरून ठरवायचं? त्याचं उत्तर फोटोतच असतं, क्षितिजाच्या रेषेत. एकाच उंचीवरून उडणारा थवा घ्या. जो पक्षी लांब, तो लहान दिसतो आणि क्षितिजाच्या जवळही दिसतो. दोन्ही गोष्टी त्याच प्रमाणात घडतात, त्यामुळे एक सोयीचा नियम हाती येतो: पक्ष्याची रुंदी भागिले क्षितिजापासूनची उंची, हे गुणोत्तर थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याला सारखंच. बगळे डोळ्यांच्या पातळीपासून ३० मीटर उंच उडताहेत असं धरा. ०.९ भागिले ३०, म्हणजे तीन टक्के. क्षितिजाच्या १२०० पिक्सेल वर ठेवलेला बगळा ३६ पिक्सेल, ४०० पिक्सेल वर ठेवलेला १२. लेन्स कुठली होती हे माहीत नसलं तरी चालतं, हीच या नियमाची मजा. आपल्या फोटोत क्षितिज झाडांमागे दडलेलं आहे. तिथं पलीकडच्या काठाची पाण्याची रेघ धरायची, चूक फार होत नाही.

एक अट मात्र आहे. हे गणित पंख आडवे दिसताहेत असं धरून केलंय, म्हणजे पक्षी आपल्याकडे येतोय किंवा दूर चाललाय. बगळा डावीकडून उजवीकडे जात असेल तर पंखांचा पसारा आपल्या नजरेच्या रेषेत जातो आणि मोजायची ती शरीराची लांबी, सुमारे अर्धा मीटर. तीन टक्क्यांऐवजी मग दीड-पावणेदोन टक्के. हे विसरलं की आडवा उडणारा बगळा शेजाऱ्यांच्या दुप्पट होतो आणि थव्याचा बाप वाटू लागतो.

इथं मामा परत येतात. बारा इंची पानावर छापला की ३६ पिक्सेलचा बगळा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. "पक्षी दिसतच नाही न भाऊ! दिसले पायजे." मामांचं गाऱ्हाणं रास्त आहे, उपाय मात्र बगळा ओढून मोठा करणं हा नव्हे. थवा खाली आणायचा. तीस मीटरऐवजी पंधरा मीटर उंचीवरून उडवा, गुणोत्तर सहा टक्के होतं, त्याच जागेवरचा बगळा ७२ पिक्सेलचा आणि कागदावर पावणेचार मिलिमीटरचा होतो. फक्त खाली आणायचा तर अख्खा थवा आणायचा. चौघांना तीन टक्के आणि मामांच्या आवडत्या एकाला सहा, असं केलं की डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही, आणि मग दोष रंगांना दिला जातो.

आता पक्षी कोणत्या बाजूनं दिसतोय ते. ३० मीटर उंच, १०० मीटर लांब असलेला बगळा आपल्याला जेमतेम १७ अंश मान वर करून दिसतो. तिथून त्याचं पोट नीट दिसत नाही; पंख सरळ असले तर जाड रेघ, वर असले तर उथळ खोलगट आकार, खाली असले तर कमान. डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्याचा, खालून काढलेला, पंख-शेपूट सगळं पसरलेला फोटो झाडांच्या शेंड्याजवळ चिकटवला की तो बगळा उडत नाही, भिंतीवर टांगल्यासारखा दिसतो. म्हणून मूळ पक्षीसुद्धा आकाशात खाली असतानाच टिपलेले हवेत. एकाच बगळ्याचे लागोपाठ दहा-बारा फोटो काढले की पंखांच्या वेगवेगळ्या स्थिती आयत्या मिळतात आणि एकाच आकाराची नक्कल करावी लागत नाही.

दिशेबद्दल मंडळी फार उदार असतात, चार पक्षी चार दिशांना. संध्याकाळी वस्तीला निघालेले बगळे असं करत नाहीत. ते सैल ओळीत एकाच रोखानं जातात. एखाद्याचा रोख दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाला तर तो खरा वाटतो, त्याहून जास्त झाला तर वाट चुकलेला. आणि मान आखडलेली हवी. उडताना बगळा मान आत घेतो. लांब मान पुढे काढून उडणारा पक्षी म्हणजे करकोचा किंवा सारस. घारींचा हिशेब निराळा. त्या गरम हवेच्या झोतावर गोल फिरतात, त्यामुळे प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे असतं, पण एकाच झोतातल्या घारी बहुधा एकाच बाजूनं फेर धरतात आणि सगळ्या आतल्या बाजूला कललेल्या असतात. एखादी घार बाहेर कललेली दिसली की समजावं, कोणीतरी तिला आरशात उलटवलंय. पाण्यावरून नुकते उठणारे पक्षी दाखवायचे असतील तर आधी नवरीच्या ओढणीकडे बघा. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतात. ओढणी उजवीकडे उडत असेल तर पक्षी डावीकडे निघाले पाहिजेत.

चिकटवताना पक्षी कापून काढूच नये. कापला की कडेला मूळ आकाशाची निळसर किनार राहते, आणि केशरी संध्याकाळी ती बरोबर चमकते. त्यापेक्षा ढगाळ, पांढरट आकाशावर काळा दिसणारा पक्षी घ्यावा. फोटोशॉपच्या Levels मधल्या पांढऱ्या ड्रॉपरनं त्याच्या मागच्या आकाशावर क्लिक करून ते शुद्ध पांढरं करावं आणि लेयर Multiply वर टाकावा. पांढरं नाहीसं होतं, पिसांच्या अर्धवट कडा जशाच्या तशा राहतात आणि काळ्यात फुटाळ्याचं केशरी आपोआप मिसळतं. बगळा पांढरा असतो, मग काळा कसा, असं मामा विचारतीलच. प्रकाश त्याच्या मागून येतोय, म्हणून. तोच बगळा पूर्वेच्या आकाशात पांढरा दिसेल, आणि तिथं Multiply उपयोगाचा नाही.

काळा म्हणजे किती काळा, याचंही माप फोटोतच आहे. पलीकडच्या झाडांवर माउस ठेवून Info पॅनेलमधला आकडा बघा. समजा ७० आला, आणि लगतच्या आकाशाचा २००. सत्तर भागिले दोनशे गुणिले २५५, साधारण ८९. पक्ष्याच्या लेयरवर Levels मध्ये खालच्या Output Levels चा डावा आकडा शून्यावरून ८९ वर नेला की तो झाडांइतक्याच धूसर हवेत जाऊन बसतो. झाडांच्या अंतरावरच्या बगळ्याला ८९, अलीकडच्याला ५०च्या आसपास. शून्यावर ठेवलेला पक्षी हा काचेवर बसलेल्या माशीसारखा दिसतो, कितीही नेमका कापला तरी.

धूसरपणाचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत कालवायचे नाहीत. पहिला वेगाचा. बगळा सेकंदाला दहा मीटर जातो असं धरलं तर १/२५० सेकंदात तो चार सेंटिमीटर सरकतो, म्हणजे शंभर मीटरवर दीड पिक्सेल. तिथं Motion Blur लावायची गरजच नाही. अंधार पडताना शटर १/३० झालं की आडव्या उडणाऱ्याचे तेरा पिक्सेल होतात. तेव्हा Distance मध्ये १३, आणि Angle मध्ये चोचीचा रोख. दूर जाणाऱ्या बगळ्याला हे लावू नये; तो आपल्या नजरेत फारसा सरकतच नाही.

दुसरा फोकसचा. २४ मिलिमीटर आणि एफ ८ वर पाच मीटरवर फोकस असला तरी लांबचं सगळं स्पष्ट असतं. लहान करून आणलेला पक्षी उलट जास्तच धारदार दिसतो. पलीकडच्या झाडांच्या बारीक फांद्यांशी त्याची कड मोठी करून ताडून बघा आणि Gaussian Blur अर्ध्या पिक्सेलपासून चढवत जा. शेवटी Add Noise, आकाशात जेवढा दाणा आहे तेवढाच.

मात्र मामांनी ८५ मिलिमीटर आणि एफ १.८ वर काढलेला जोडप्याचा जवळचा फोटो पुढे केला, तर हात जोडावेत. फोकस पाच मीटरवर असताना शंभर मीटरवरचा प्रत्येक बिंदू तिथं जवळपास १३० पिक्सेलचा गोल होतो, आणि बगळा स्वतः तेवढाच, १२७ पिक्सेलचा. खरा थवा त्या वेळी खरोखर उडत असता तरी फोटोत राखाडी डाग आले असते, आणि ते डाग काढून टाका म्हणून मामाच आले असते.

अल्बम मंजुरीसाठी फोनवर पाठवायचा तर नमुना म्हणून पूर्ण आकाराचा एक तुकडा वेगळा कापून द्यावा. चॅटमधून गेलेला फोटो १६०० पिक्सेलवर आला की बारा पिक्सेलचे बगळे तीनचे होतात, आणि तिकडून उत्तर येतं, "पक्षी नाही आले अजून, स्क्रीनवर थोडी धूळ आहे फक्त, पुसून पाहिली, निघून नाही राहिली."